ओळ तोडायची कुठे?

पडद्याच्या तळाशी ओळ येते: ‘दिराची गाडी आली आणि ते तर चक्क थांबलेच’. वाचणाऱ्याच्या डोक्यात गाडी थांबते, दीर खाली उतरतात. मग नजर खालच्या ओळीवर जाते आणि तिथला पहिलाच शब्द असतो ‘नाहीत’. उतरलेल्या दिरांना परत गाडीत बसवायचं, गाडी सुरू करायची आणि मगच पुढचं वाचायचं. हे सगळं अर्ध्या सेकंदात उरकावं लागतं, कारण तोवर बाईंचं बोलणं बरंच पुढे गेलेलं असतं.

यात शब्द एकही चुकलेला नाही. शुद्धलेखन बरोबर आहे, वेळही जुळलेली आहे. फक्त ओळ नको तिथे तुटली. सबटायटल करणाऱ्यांचा निम्मा जीव याच कामात जातो आणि काम नीट झालं की ते कोणाला दिसतही नाही.

पुस्तकातली ओळ कुठेही तुटली तरी आपलं फारसं बिघडत नाही. गोंधळ झालाच तर नजर मागे नेता येते, पान कुठे पळून जात नाही. सबटायटल वाचणं म्हणजे स्टँडवरून सुटलेल्या एसटीची पाटी वाचण्यासारखं आहे. एका नजरेत कळली तर कळली. शिवाय वाचणाऱ्याला नुसतं वाचायचं नसतं. त्याला बोलणाऱ्याचा चेहरा बघायचा असतो, मागे दारात कोण उभं आहे ते बघायचं असतं. नजर चित्रावरून खाली येते, पहिली ओळ वाचते, डावीकडे परत जाऊन दुसरी ओळ धरते आणि पुन्हा वर जाते. पहिल्या ओळीच्या शेवटाकडून दुसरीच्या सुरुवातीकडे जाताना डोक्यात जे धरून ठेवायचं, ते एक पुरं गाठोडं असेल तर सोपं जातं. ‘तुझ्या मोठ्या’ एवढंच धरून उडी मारावी लागली तर मोठ्या कोणाच्या, हा प्रश्नही सोबत न्यावा लागतो.

आता त्या बाईंचं अख्खं वाक्यच घेऊ. उदाहरण मी रचलेलं आहे, पण असं बोलणारी एक तरी मावशी किंवा काकू प्रत्येकाच्या माहितीत असते. शेजारच्या काकू धाकट्या जावेला सांगताहेत:

‘अगं तुला सांगते काल संध्याकाळी मी बाजारातून येत होते तर समोरून तुझ्या मोठ्या दिराची गाडी आली आणि ते तर चक्क थांबलेच नाहीत मला बघून न बघितल्यासारखं करून निघून गेले.’

शब्द 29 आणि वेळ 8 सेकंद. म्हणजे मिनिटाला दोनशेच्या वर शब्द. बीबीसीच्या सबटायटल-सूचनांमध्ये मिनिटाला 160 ते 180 शब्दांचा वेग सुचवलेला आहे, तेव्हा काकू त्याच्या बऱ्याच पुढे आहेत. (मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे आपला एक शब्द इंग्रजीच्या दोन-तीन शब्दांचं काम करतो. म्हणजे काकूंचा खरा वेग आकड्यात दिसतो त्याहूनही जास्त.)

एका ओळीत किती मावतं याचेही संकेत आहेत. नेटफ्लिक्सच्या इंग्रजी सबटायटलसाठी एका ओळीत जास्तीत जास्त 42 चिन्हं आणि एका वेळी दोनच ओळी चालतात. मोठ्यांच्या कार्यक्रमात सेकंदाला 20 चिन्हांपर्यंत जाता येतं. तोच 42चा आकडा सॉफ्टवेअरला देऊन वाक्य आपोआप तोडायला सांगितलं, तर ते बिचारं ओळ भरेपर्यंत शब्द ओततं आणि भरली की खाली येतं. काकूंच्या वाक्याचं मग असं होतं:

```
अगं तुला सांगते काल संध्याकाळी मी
बाजारातून येत होते तर समोरून तुझ्या मोठ्या

दिराची गाडी आली आणि ते तर चक्क थांबलेच
नाहीत मला बघून न बघितल्यासारखं करून निघून

गेले.
```

मधली मोकळी ओळ म्हणजे पडदा पुसला गेला आणि नवा मजकूर आला. या एका तुकड्याला धंद्यात ब्लॉक म्हणतात. पहिला ब्लॉक ‘तुझ्या मोठ्या’वर संपतो. त्या दोन शब्दांवरून काही कळायच्या आत ते पडद्यावरून जातात आणि पुढच्या ब्लॉकमध्ये दीर एकटेच येतात. थांबले की नाही याचा घोळ आपण पाहिलाच. शेवटचा ब्लॉक मात्र कमाल आहे. पडद्यावर एकटाच शब्द: ‘गेले.’ मराठी घरात हा शब्द एकटा उच्चारला की त्याचा काय अर्थ होतो ते सांगायला नको. गाडी न थांबवल्याच्या तक्रारीत सॉफ्टवेअरने मोठ्या दिरांना थेट वर पाठवलं.

हेच वाक्य एखाद्याला मोठ्याने वाचायला दिलं तर तो कुठे थांबेल? ‘येत होते’ नंतर नक्की थांबेल. ‘गाडी आली’ नंतर थांबेल. ‘थांबलेच नाहीत’ नंतर तर मुद्दाम थांबेल, कारण तिथे तक्रारीचा वजनदार भाग संपतो. काकू प्रत्यक्षात या तिन्ही ठिकाणी श्वास घेतीलच असं नाही. भरधाव बोलणारी माणसं श्वासही भलतीकडे घेतात. ‘तुझ्या मोठ्या’ म्हणून दम घेतील आणि ‘दिराची गाडी’ पुढे ढकलतील. म्हणून श्वासाची जागा फक्त कानाने किंवा आवाजाच्या आलेखावरून शोधून भागत नाही. आलेखात सपाट रेघ दिसली की तिथे कापायचं, ही नवशिक्याची सवय. अर्थ जिथे टेकतो आणि सूर जिथे थोडा उतरतो तिथे वाचणाऱ्याचा श्वास असतो. बोलणाऱ्याने तो घेतला नसेल, तर ओळ तोडून आपण तो त्याला द्यायचा.

हाताने केलेली फाईल मग अशी होते:

```
41
00:12:04,000 --> 00:12:06,120
अगं, काल संध्याकाळी
मी बाजारातून येत होते,

42
00:12:06,200 --> 00:12:08,200
तर समोरून
तुझ्या मोठ्या दिराची गाडी आली,

43
00:12:08,280 --> 00:12:09,600
आणि ते चक्क थांबलेच नाहीत.

44
00:12:09,680 --> 00:12:12,000
मला बघून न बघितल्यासारखं करून
निघून गेले.
```

ही साध्या एसआरटी फाईलची रचना आहे. वर क्रमांक, मग सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, खाली मजकूर. स्वल्पविरामानंतरचे तीन आकडे सेकंदाचा हजारावा भाग दाखवतात. दोन ब्लॉकमध्ये 80 हजारांश सेकंद, म्हणजे सेकंदाला 25 फ्रेमच्या चित्रात दोन फ्रेम, मोकळ्या सोडल्या आहेत. ती फट नसेल तर मजकूर बदलला हे डोळ्याला कळत नाही आणि तो जुनीच ओळ पुन्हा वाचू लागतो.

42 क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये वरची ओळ अगदी आखूड आणि खालची लांब आहे. दिसायला हे जरा विचित्र दिसतं. दोन्ही ओळी सारख्या करायच्या तर ‘तर समोरून तुझ्या मोठ्या’ आणि ‘दिराची गाडी आली’ असं तोडावं लागेल. ओळी छान दिसतील, पण ‘मोठ्या’ आणि ‘दिराची’ यांची ताटातूट होईल. सममितीचा मोह इथे आवरायचा. विशेषण आणि नाम, ‘दिराची’ आणि ‘गाडी’, माणसाचं नाव आणि आडनाव, आकडा आणि त्याचं माप, या जोड्या शक्यतो एका ओळीत राहाव्यात.

43वा ब्लॉक मी एकटा ठेवला. दोन ब्लॉक एकत्र करून चार सेकंदांचा एक ब्लॉक करता आला असता. पण मग ‘थांबलेच नाहीत’ वाचता वाचता खालचं ‘निघून गेले’ही दिसलं असतं आणि काकूंच्या तोंडून ते येण्याआधीच वाचून झालं असतं. विनोदात, भांडणात, रहस्यात ही आगाऊ चुगली फार नडते. प्रेक्षागृहात पात्र बोलण्याच्या आधीच हशा पिकतो, तेव्हा बहुतेक वेळा चूक ब्लॉकच्या तोडणीत असते.

मूळ वाक्यातले दोन तुकडे मी गाळले: ‘तुला सांगते’ आणि ‘ते तर’मधला ‘तर’. ‘तुला सांगते’ ठेवलं असतं तर पहिल्या ब्लॉकचा वेग सेकंदाला साधारण 25 चिन्हांवर गेला असता. ते काढल्यावर चारही ब्लॉक 17 ते 20 चिन्हांत बसतात. पण गाळण्याला मर्यादा आहे. मराठी बोलण्यालाच मराठी सबटायटल असतील, तर ऐकू येणारा प्रेक्षक कानाने आणि डोळ्याने एकदमच पडताळत असतो. गाळलेला प्रत्येक शब्द त्याला खटकतो. ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकांपैकी अनेक जण ओठही वाचतात, त्यांनाही ओठ आणि ओळ यांत फरक पडलेला कळतो. त्यामुळे आधी तोडून बघायचं, ब्लॉकची सुरुवात-शेवट थोडी सरकवून बघायची, आणि तरीही वाचून होत नसेल तरच गाळायचं. गाळताना पहिली पाळी ‘म्हणजे’, ‘ना’, ‘तुला सांगते’ यांची. क्रियापदाला आणि नकाराला हात लावायचा नाही.

नकाराचं हे दुखणं खास आपलं आहे. इंग्रजीत नकार क्रियापदाच्या आधी येतो, त्यामुळे ओळ कुठेही तुटली तरी वाचणाऱ्याला नकार आधीच कळलेला असतो. मराठीत वाक्याचा निकाल शेवटच्या शब्दात लागतो. ‘मी त्याला पैसे दिले’ आणि खाली ‘नव्हते’. ‘तू आत्ता तिकडे जाऊ’ आणि खाली ‘नकोस’. वरची ओळ वाचून झाली तेव्हा प्रेक्षकाला नेमकं उलटं कळलेलं असतं. तसंच संयुक्त क्रियापदांचं. ‘घर विकून’ वर राहिलं आणि ‘टाकलं’ खाली आलं, तर मधल्या क्षणात घर विकून पुढे काय केलं याची वाट बघितली जाते. ‘विकून टाकलं’, ‘पळून गेली’, ‘बोलून बसला’ हे एकेकच घास आहेत.

इंग्रजी सूचना जशाच्या तशा मराठीला लावल्या की आणखी एक घोटाळा होतो. तिकडे सांगतात की जोडणारा शब्द खालच्या ओळीच्या सुरुवातीला न्या. ‘आणि’, ‘पण’, ‘किंवा’ यांना हे चालतं. ‘की’ला चालत नाही. आपण ‘तो म्हणाला की’ असं एका दमात म्हणतो आणि मग थांबतो. म्हणून ‘की’ वरच राहू द्यायचा:

```
डॉक्टर म्हणाले की
उद्या सकाळी घरी नेता येईल.
```

‘म्हणून’ आणि ‘तर’ हे दोघे याहून लबाड, कारण ते दोन्हीकडे बसतात. ‘पाऊस होता म्हणून आलो नाही’ यात ‘म्हणून’ पावसाच्या बाजूला आहे, तोडायचं त्याच्यानंतर. ‘पाऊस होता. म्हणून आलो नाही’ असं कोणी तोडून बोललं, तर तो पुढच्या ओळीचा. ‘आलास तर सांगेन’ यातला ‘तर’ वर राहतो आणि काकूंचा ‘तर समोरून’ खाली येतो. इथे व्याकरणाचं पुस्तक निम्म्यापर्यंतच सोबत करतं. पुढे कानच लागतो. बोलणाऱ्याचा सूर ‘तर’च्या आधी पडला की नंतर, एवढं ऐकायचं. एक डोकेदुखी मात्र आपल्याला नाही. इंग्रजीत ओळीच्या शेवटी एकटं शब्दयोगी अव्यय लोंबकळत राहण्याची भीती असते. आपण ‘घराजवळ’, ‘त्याच्यामुळे’, ‘जेवणाआधी’ असं जोडूनच लिहितो, त्यामुळे तो प्रश्न परस्पर मिटतो.

चिन्हं मोजण्यात एक गोम आहे आणि ती कळेपर्यंत सॉफ्टवेअरचे लाल इशारे पाहून माणूस हैराण होतो. ‘संध्याकाळी’ हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा दिसतो: सं, ध्या, का, ळी. संगणक त्यात 10 चिन्हं मोजतो, कारण अनुस्वार, हलन्त, काना, वेलांटी हे सगळं त्याच्या लेखी वेगवेगळं असतं. ‘स्त्री’ हे एकच अक्षर त्याच्या हिशेबी सहा भरतं. म्हणून जोडाक्षरांनी भरलेली ओळ मोजणीत 42च्या वर जाते आणि पडद्यावर मात्र आखूडच दिसते. उलट ‘मग मदन घर बघत बसला’ अशी साधी ओळ मोजणीत छोटी असूनही पडद्यावर चांगली लांब दिसते. चिन्हांचा आकडा इशारा म्हणून घ्यायचा. खरा निवाडा पडद्यावर ओळ किती रुंद दिसते आणि ती वाचून होते का, यावर करायचा.

इतक्या काटेकोर तोडणीने खरंच फरक पडतो का, हे डोळ्यांच्या हालचाली टिपून तपासलं गेलं आहे. 2018 साली ओल्गा नव्हे, ओलिव्हिया गेर्बर-मोरोन, आग्निएश्का शार्कोव्स्का आणि बेन्सी वोल या तिघींनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी, पोलिश आणि स्पॅनिश मातृभाषेचे, तसेच ऐकू न येणारे आणि कमी ऐकू येणारे प्रेक्षक होते. वाक्यरचनेला धरून तोडलेली आणि न धरता तोडलेली, अशी दोन्ही प्रकारची सबटायटल त्यांना दाखवली. भलतीकडे तोडलेल्या सबटायटलने डोक्यावरचा ताण वाढला. मजकूर समजण्यात मात्र घट झाली नाही. या निष्कर्षाने आमच्या धंद्यातल्या काहींचा हिरमोड झाला. मला तो पटण्यासारखा वाटतो. माणूस वाईट तोडणीतूनही अर्थ काढतो, फक्त त्याची किंमत मोजतो, आणि ती किंमत चित्र बघण्याच्या वेळातून जाते. सगळा भार शेवटच्या क्रियापदावर टाकणाऱ्या भाषेत ती जास्त पडत असावी, असा माझा अंदाज आहे.

गाण्यांचं काम यापेक्षा सोपं. अहमदाबादच्या आयआयएममधल्या ब्रिज कोठारी यांनी 1996 साली मांडलेली कल्पना पुढे दूरदर्शनवर आली: गाण्याच्या त्याच भाषेत शब्द खाली दाखवायचे आणि गायलं जाईल तसा एकेक शब्द रंगवायचा, म्हणजे नुकतं वाचायला शिकलेल्यांचा सराव होतो. तिथे ओळ कवीने आधीच तोडून दिलेली असते आणि गायकाने श्वास तिथेच घेतलेला असतो. हल्लीच्या रील्समध्ये मोठ्या अक्षरात एकेक शब्द उड्या मारत येतो, त्याचा मात्र श्वासाशी काही संबंध नाही. अर्ध्या मिनिटाच्या गंमतीला ते शोभतं. तासाभराची मुलाखत तसं वाचायला लावली तर नजर खालून वर जातच नाही.

केलेलं काम तपासायची माझी पद्धत साधी आहे. आवाज बंद करून चित्र नेहमीच्या वेगात चालवायचं आणि ओळी मोठ्याने वाचायच्या, ज्याने आधी ऐकलेलं नाही अशा माणसाकडून वाचून घेतल्या तर उत्तम. जिथे त्याचा आवाज ओळीच्या शेवटी उगाच खाली पडतो आणि पुढच्या ओळीवर दचकून वर येतो, तिथे खूण करायची. दुसरी तपासणी याहून झटपट होते: फक्त प्रत्येक ब्लॉकचा शेवटचा शब्द वरून खाली वाचत जायचं. ‘होते’, ‘आली’, ‘नाहीत’, ‘गेले’ अशी क्रियापदांची रांग दिसली तर मराठी तोडणी बहुधा ठीक आहे. मध्येच ‘मोठ्या’, ‘चक्क’, ‘एका’ असं काही डोकावलं तर त्या ब्लॉकपाशी परत जायचं.

दोन माणसं एकमेकांचं तोडत भांडू लागली की मात्र हे सगळं बाजूला ठेवावं लागतं. दोघांना एकेक ओळ, प्रत्येकीच्या आधी छोटी आडवी रेघ, आणि ज्याचं वाक्य तुटलं त्याच्या शेवटी टिंबं. तिथे ओळ कुठे तुटणार हे दुसरा कधी मध्ये घुसतो त्यावर ठरतं. ‘मी तुझे पैसे बुडवले’ एवढ्यावरच ‘नाहीत’ बोलू न देता कोणी ओरडलं, तर ते अर्धवट तसंच ठेवायचं. भांडण तिथूनच पेटलेलं असतं.